टेक्निशियन उशिरा येणार, हे ग्राहकाला कधी आणि कसं सांगायचं?

«मी होटगी रोडवरच्या एका एसी सर्व्हिस सेंटरमध्ये बुकिंग आणि फोनचं काम बघते. आमच्याकडे तीन टेक्निशियन आहेत. उन्हाळ्यात रोज कुणा ना कुणाची व्हिजिट पुढे ढकलावी लागते. ‘थोडा उशीर होईल’ म्हटलं की लोक ‘थोडा म्हणजे किती?’ म्हणून चिडतात. नेमकी वेळ दिली तर ती चुकते आणि दुसऱ्यांदा बोलणी खावी लागतात. टेक्निशियनला विचारावं तर तो दर वेळी ‘अर्ध्या तासात निघतो’ म्हणतो. मग ग्राहकाला काय सांगायचं, आणि कधी?»
— एक वाचक, सोलापूर

एकच नेमकी वेळ देऊ नका आणि ‘थोडा उशीर’ही म्हणू नका. ‘पावणेदोन ते पावणेतीन’ अशी वेळ द्या, आणि तिचा अर्थही त्याच वाक्यात सांगून टाका: पावणेदोनच्या आधी तो येणार नाही, आणि पावणेतीनच्या आत तुमच्या दारात असेल. यातला पहिला भाग बहुतेक जण सांगायला विसरतात, आणि ग्राहकाला खरा उपयोग त्याचाच असतो. ‘पावणेदोनच्या आधी नाही’ हे कळलं की घरातल्या बाई बँकेत जाऊन येतात, मुलाला शाळेतून आणतात, निवांत जेवून घेतात. ते कळलं नाही तर बाराला आंघोळीला जायचीसुद्धा पंचाईत, कारण बेल कधीही वाजू शकते. माणूस चिडतो तो बहुतेक वेळा या अडकून पडण्यामुळे.

दुसरं टोक म्हणजे दारात येण्याची वेळ, काम संपण्याची नाही. हे उघड बोलावं लागतं. ‘साडेचारपर्यंत’ म्हटलं की सांगणाऱ्याच्या मनात ‘पोचेल’ असतं आणि ऐकणाऱ्याच्या मनात ‘काम उरकेल’. त्यांना पाच वाजता बाहेर पडायचं असतं, टेक्निशियन सव्वाचारला येऊन शिडी लावतो, आणि वेळेत येऊनही भांडण होतं. म्हणून ‘साडेचारच्या आत पोचेल, पुढे साधारण एक तासाचं काम आहे’ असं दोन तुकड्यांत सांगा.

आता ही वेळ काढायची कशी? ती अंदाजाने काढली तर चुकणारच. टेक्निशियनच्या ‘अर्ध्या तासात निघतो’वर काढली तरी चुकते. तो खोटं बोलत असतो असं नाही. हातातलं काम सुरळीत झालं तर लागेल तेवढा वेळ तो सांगतो. शिवाय तो हातात पाना धरून उन्हात गच्चीवर उभा असतो आणि त्याला फोन लवकर ठेवायचा असतो. म्हणून ‘किती वेळ लागेल?’ हा प्रश्नच सोडून द्या. त्याऐवजी काम कुठवर आलंय ते विचारा, आणि वेळ तुम्ही काढा.

एसीच्या बाबतीत हे चांगलं जमतं, कारण उन्हाळ्यातला मोठा उशीर बहुतेक एकाच जातीच्या कामात होतो. बुकिंग ‘कूलिंग कमी आहे’ या तक्रारीवर होतं. या तीन शब्दांमागे दोन अगदी वेगळी कामं दडलेली असतात. एक म्हणजे फिल्टर आणि कॉइल धुळीने चोंदलेली असणं. पंपाने धुतलं की तास-सव्वा तासात सुटका. दुसरं म्हणजे गॅस गळालेला असणं. त्यात गळतीची जागा शोधायची, ती दुरुस्त करायची, नायट्रोजन भरून पाइप दाब धरतोय का ते पाहायचं, मग व्हॅक्युम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, आणि शेवटी वजनकाट्यावर तोलून गॅस भरायचा. हे नीट केलं तर अडीच तास सहज जातात. आपल्याकडे बरेचसे टेक्निशियन दुचाकीवर फिरतात आणि नायट्रोजनचा सिलिंडर काही दुचाकीवर रोज बाळगत नाहीत. तो दुकानातून रिक्षाने मागवावा लागतो. तो वेळ वेगळा.

यातलं कोणतं काम आहे हे बुकिंगच्या वेळी तुम्हाला कळूच शकत नाही. टेक्निशियनला मात्र घरात शिरल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत कळतं. कॉइल स्वच्छ आहे, तरी हवा गार येत नाही. आउटडोअर नेहमीपेक्षा कमी अँपिअर घेतोय. पाइपच्या जोडापाशी बर्फ धरलाय किंवा तेलाचा ओला डाग आहे, एवढं दिसलं की गॅसचंच काम निघालं असं समजायचं. ग्राहकाला फोन करायची खरी वेळ हीच. त्याआधी केलात तर तुम्ही अंदाज पंचे दाहोदरसे बोलाल. दीड तास उलटल्यावर केलात तर पुढचा ग्राहक तोवर दाराकडे डोळे लावून बसलेला असेल.

म्हणून टेक्निशियनशी एकच गोष्ट ठरवून घ्या: घरात शिरल्यापासून अर्ध्या तासात तुम्हाला एक मेसेज आलाच पाहिजे, आणि त्यात तीनच गोष्टी हव्यात: कुठे, काय निघालं, काय मागवलं. ‘शेळगी, गॅस लीक, नायट्रोजन हवा.’ एवढं टाकायला दहा सेकंद लागतात. नंतर फोन कराल तेव्हा ‘व्हॅक्युम लागला का?’ असं विचारा. व्हॅक्युम पंप आत्ताच चालू केला असेल तर किमान तासभर तो तिथून हलत नाही: अर्धा तास पंप, आणि वीस-पंचवीस मिनिटं गॅस भरून कूलिंग तपासायला. नायट्रोजन भरून दाब बघत असेल तर दीड तास धरा. सिलिंडर अजून दुकानातून आलाच नसेल तर दोन तासांच्या खाली काहीही बोलू नका. ‘अर्ध्या तासात निघतो’ हे फक्त गॅस भरणं सुरू झाल्यावर खरं असतं. आणि मध्येच लाईट गेली तर पंप थांबतो. लाईट आल्यावर तो नव्याने चालवावा लागतो, तेवढा वेळ पुन्हा धरायचा.

व्हॅक्युमचा अर्धा तास वाचवून वेळ गाठायला मात्र कधीही सांगू नका. आत ओल राहिली तर कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं, आणि दाब न तपासता गॅस भरला तर गळती तशीच राहून तोच ग्राहक महिन्याभरात पुन्हा फोन करतो. मग त्या फुकटच्या फेरीपायी आणखी कुणाची तरी व्हिजिट ढकलावी लागते.

आता हे सगळं एका दिवसावर लावून बघू. समजा मे महिना आहे आणि एका टेक्निशियनला चार कामं दिली आहेत. शेळगीत कूलिंग कमी, पोचायची वेळ १० ते ११. भवानी पेठेत इनडोअरमधून पाणी गळतंय, १२ ते १.३०. होटगी रोडला दोन एसींची वेट सर्व्हिस, ३ ते ४.३०. आणि सैफुलला एसी चालूच होत नाही, ५ ते ६.३०.

तो सव्वादहाला शेळगीत पोचतो. १०.४० ला मेसेज येतो: गॅस लीक, इनडोअरच्या फ्लेअर नटपाशी तेलाचा डाग, नायट्रोजन हवा. आता कागद घ्या. सिलिंडर यायला चाळीस मिनिटं. फ्लेअर कापून नवा करायला वीस. नायट्रोजनवर दाब बघायला अर्धा तास, व्हॅक्युम अर्धा तास, गॅस भरून तपासायला पंचवीस मिनिटं. बेरीज दोन तास पंचवीस मिनिटं, म्हणजे १.०५. तिथून भवानी पेठ पंधरा मिनिटं. तो १.२० ला पोचतो.

इथेच मोह होतो. भवानी पेठेला १.३० पर्यंतची वेळ दिलेली आहे, म्हणजे अजून दहा मिनिटं हातात आहेत, मग फोन कशाला? पण हा १.२० म्हणजे सगळं मनासारखं झालं तरचा १.२० आहे. त्यात टेक्निशियनचं जेवण धरलेलं नाही, आणि साडेदहापासून गच्चीवर आणि घरात खालीवर करणारा माणूस जेवणारच. अर्धा तास त्याचा धरा, १.५० झाले. दाब पहिल्या खेपेला धरला नाही आणि फ्लेअर पुन्हा करावा लागला तर आणखी पाऊण तास, म्हणजे २.३५. मग भवानी पेठेची नवी वेळ आपोआप समोर येते: पावणेदोन ते पावणेतीन. पाच-दहा मिनिटांचा हिशेब करत बसू नका, पाव तासाला जुळवून घ्या. हा फोन १०.५० च्या सुमारास झाला पाहिजे, म्हणजे जुनी वेळ सुरू व्हायला अजून तासाहून जास्त अवकाश असतो. जुनी वेळ सुरू झाल्यानंतर केलेला फोन कितीही गोड आवाजात केला तरी उशिराचाच ठरतो.

लगेच उरलेल्या दोघांनाही फोन लावायला घेऊ नका. आधी हिशेब पुढे न्या. पाणी गळण्याचं कारण बहुधा ड्रेन पाइप चोंदणं असतं. ते काम पाऊण ते एक तासाचं. भवानी पेठेतून तो पावणेतीन ते पावणेचारच्या दरम्यान सुटतो. होटगी रोडला यायला पंचवीस मिनिटं धरली तर ३.१० ते ४.१०, म्हणजे दिलेल्या ३ ते ४.३० मध्येच. त्या ग्राहकाला फोन करायची गरजच नाही. उगाच ‘उशीर होऊ शकतो’ असं कळवून ठेवलंत तर ते नको तेवढे सावध होतात आणि तासातासाला तुम्हालाच फोन करत राहतात.

सैफुलचं तसं नाही. दोन एसींच्या सर्व्हिसला दोन तास, त्यावर वीस मिनिटांचा रस्ता. लवकरात लवकर साडेपाच, उशिरात उशीर साडेसहा. दिलेली वेळ साडेसहापर्यंतच आहे, म्हणजे अगदी काठावर. त्यांना सकाळी फोन करू नका, पण घड्याळात एक खूण करून ठेवा: साडेतीनपर्यंत तो भवानी पेठेतून निघाला नाही तर सैफुलला त्याच मिनिटाला फोन, आणि नवी वेळ सव्वासहा ते सव्वासात. साडेतीनच का? कारण सैफुलची वेळ पाचला सुरू होते, आणि त्यांच्या हातात दीड तास राहतो. त्याआधी दुसऱ्या टेक्निशियनचंही बघून घ्या. ‘एसी चालूच होत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा आउटडोअरचा कपॅसिटर गेलेला असतो आणि तो बदलायला अर्धा तास पुरतो. सैफुलजवळ, विजापूर रोडच्या बाजूला दुसरा कोणी असेल तर हे काम त्याच्याकडे वळवणं सगळ्यांच्या सोयीचं.

म्हणजे सकाळचा दीड-दोन तासांचा उशीर होऊनही फोन एकच करावा लागला, फार तर दोन. हे जमलं ते पहिल्यापासून दीड तासाच्या वेळा दिल्या म्हणून. तुमच्याकडे ‘१२ वाजता’, ‘३ वाजता’ अशी बुकिंगं होत असतील तर तेवढं आधी बदला. चारही ग्राहकांना अशी ठोक वेळ दिली असती तर एका गॅस लीकपायी तीन माफ्या मागाव्या लागल्या असत्या.

किती रुंद वेळ द्यायची, याला माझा ठोकताळा असा. काय निघालंय हे कळल्यानंतर त्याच दिवशी ढकललेल्या व्हिजिटला एक तास. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या कामालाही एक तास पुरे, कारण त्याच्या पुढे कुणाचं काम नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच्या कामाला दीड तास, अगदीच भरगच्च दिवस असेल तर दोन. अर्ध्या तासाची वेळ सोलापुरात मे महिन्यात टिकत नाही. आणि दोन तासांपेक्षा जास्त सांगाल तर घरातल्या माणसाचा अर्धा दिवस तुम्ही मागून घेतलात असं होतं. त्यापेक्षा दुसरा दिवस द्या.

आता फोनवर काय बोलायचं. भवानी पेठेच्या फोनचं उदाहरण घेऊ:

«नमस्कार काकू, एसी सर्व्हिसमधून बोलतेय. तुमच्याकडे टेक्निशियन आजच येतोय, पण बाराऐवजी पावणेदोन ते पावणेतीनच्या दरम्यान. सकाळच्या घरी गॅसची गळती निघाली, ते काम अर्धवट सोडून निघता येत नाही. पावणेदोनच्या आधी तो येणार नाही, तोवर तुम्हाला बाहेर जायचं असलं तर जाऊन या. तुमच्याकडे तासाभराचं काम आहे. ही वेळ चालेल का तुम्हाला? तुमची सकाळ मोडली, त्याबद्दल माफ करा.»

यात ‘आजच येतोय’ सगळ्यात आधी आहे, ते मुद्दाम. सर्व्हिस सेंटरचा फोन आला की लोकांना आधी व्हिजिट रद्द झाल्याचीच धास्ती बसते, आणि माफीने सुरुवात केली तर ती धास्ती पक्की होते. पुढची वेळ मग त्यांच्या कानात शिरतच नाही. कारण एकाच वाक्यात आहे आणि खरं आहे. ‘गाडी पंक्चर झाली’ वगैरे सांगू नका. टेक्निशियन घरी आल्यावर त्या पाणी देताना ‘झाली का गाडी दुरुस्त?’ म्हणून विचारतात आणि तो गोंधळून ‘कसली गाडी?’ म्हणतो. तिथे तुमच्या पुढच्या सगळ्या वेळांवरचा विश्वास उडतो. मात्र कुणाच्या घरी, कुठल्या अपार्टमेंटमध्ये हे बोलायचं नाही.

‘चालेल का?’ विचारल्यावर थांबा आणि त्यांना बोलू द्या. मे महिन्यात दुपारी दोन ते चार पुष्कळ घरांत म्हातारी माणसं पडलेली असतात, आणि ती सांगतात की चारनंतर पाठवा. ते ऐकून घेऊन क्रम बदलता येतो का ते बघा. होटगी रोडचे आधी घ्यायला तयार असतील तर तसं करा. ‘नाही चालत’ म्हणाले तर दुसरा पर्याय तयार हवा, आणि तो एकच हवा: उद्या सकाळी साडेनऊ ते साडेदहा, दिवसाचं पहिलं काम तुमचंच. ‘मग तुम्हीच सांगा कधी येऊ?’ असं मोकळं विचारलं की ते संध्याकाळी सहा मागतात, जे तुम्हाला देता येत नाही, आणि दुसऱ्यांदा नाही म्हणायची पाळी येते.

वेळ ठरली की लगेच मेसेज. फोनवर ‘पावणेदोन’ आणि ‘पावणेतीन’ यांत गफलत होते, आणि घरात निरोप देताना तर हमखास होते. मेसेजमध्ये आकडेच घाला, दिवस आणि तारीख दोन्ही घाला:

«एसी सर्व्हिस: आजची (मंगळवार, ता. १२) व्हिजिट दु. १.४५ ते २.४५ दरम्यान. १.४५ च्या आधी कोणी येणार नाही. निघताना टेक्निशियन फोन करेल. वेळ बदलायची असल्यास याच नंबरवर कळवा.»

‘निघताना फोन करेल’ हे लिहिलं तर ते झालंच पाहिजे. टेक्निशियनने शेळगीची शिडी आवरताना तो फोन करायचा, ग्राहकाच्या गल्लीत शिरल्यावर नव्हे.

सोलापुरात एक भानगड वारंवार होते. बुकिंग पुण्यातून मुलगा करतो, आणि एसी असतो इथे आई-वडिलांच्या खोलीत. तुमचा मेसेज पुण्यात ऑफिसातल्या माणसाला जातो, तो मीटिंगमध्ये असतो, आणि इकडे वडील बारापासून दार उघडं ठेवून खुर्चीत बसलेले असतात. बुकिंग घेतानाच ‘घरी कोण असेल, आणि त्यांचा नंबर?’ हे विचारून लिहून ठेवा. वेळ बदलली की आधी घरच्या नंबरवर फोन, मग मेसेज दोन्ही नंबरांवर. पूर्व भागात फोन उचलणारी आजी तेलुगू बोलणारी असू शकते, अक्कलकोट रोडकडे कन्नड. तुमच्या तीन टेक्निशियनपैकी कुणाला ती भाषा येत असेल तर तो निरोप त्याच्या तोंडून जाऊ द्या. आकड्यांचा मेसेज सगळ्यांना कळतो, पण ‘आधी येणार नाही’ हे बोलूनच कळतं.

व्हिजिट दुसऱ्या दिवसावर ढकलायची झाली तर कुणाची ढकलायची हे आधी ठरवा. ज्याचा एसी चालू आहे आणि फक्त सर्व्हिस हवी आहे, तो थांबू शकतो. ज्याच्या घरी बाळंतीण, आजारी माणूस किंवा वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली आहे, त्याची व्हिजिट हलवायची नाही. ज्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली आहे, त्याचीही नाही. रजा काढणारे स्वतःहून सांगत नाहीत. बुकिंगच्या वेळी विचारा आणि रजिस्टरमध्ये त्या ओळीपुढे ‘रजा’ लिहा.

आणि वेट सर्व्हिस दुसऱ्या दिवशी नेताना पाण्याचं विचारायला विसरू नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. उद्या पाणी यायचं असेल तर आज घरात भरलेलं पाणी तळाला गेलेलं असतं, आणि एसी धुवायला एक-दोन बादल्या लागतात. शिवाय पाणी येतं त्या वेळात घरातले सगळे पिंप, टाकी, मोटर यांत गुंतलेले असतात. त्या तासात शिडी घेऊन कुणी आलेलं त्यांना नको असतं. ‘उद्या तुमच्याकडे पाणी कधी येतं?’ विचारा आणि त्याच्या पुढची वेळ द्या. पाणी येऊन गेल्यानंतरची वेळ ग्राहक सहसा पुन्हा बदलत नाही.

राहिला प्रश्न नवी दिलेली वेळही मोडायला लागली तर काय करायचं. हे दिसायला हवं ते पावणेतीनच्या आधी, म्हणजे टेक्निशियन शेळगीहून दोनला निघालेला नसेल तर तेव्हाच. आता काकूंना तिसरी वेळ देऊ नका. दुसऱ्या टेक्निशियनचं काम लवकर उरकण्यासारखं असेल, म्हणजे तो नुसती सर्व्हिस करत असेल, तर त्याला ते उरकून सरळ भवानी पेठेत पाठवा आणि शेळगीवाल्याला होटगी रोडला जाऊ द्या. कोणीच मोकळं होत नसेल तर फोन तुम्ही करू नका, मालकांनी करावा, आणि त्यात पर्याय एकच असावा: उद्याचं पहिलं काम, व्हिजिटचे पैसे नाहीत. ही सूट तुमच्या अधिकारात नसेल तर सीझन सुरू व्हायच्या आधीच मालकांशी बोलून ठरवून घ्या, कारण ऐन वेळी ते फोनवर सापडतीलच असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेक्निशियनला दुकानात न बोलावता घरून थेट भवानी पेठेत जायला सांगा, आणि नायट्रोजन, गॅस, ड्रेन पाइपचा तुकडा आदल्या संध्याकाळीच त्याच्याकडे देऊन ठेवा.